खर्रा सुपारीत मोजायचा की तंबाखूत?

दुपारच्या सुट्टीत महाविद्यालयाबाहेरच्या टपरीवर एक मुलगा उभा आहे. टपरीवाला पन्नीत सुपारी, चुना आणि तंबाखू टाकून दोन्ही हातांनी घोटतोय. मुलगा खर्रा घेतो, अर्धा तोंडात टाकतो, अर्धा खिशात ठेवतो. तासाभराने वर्गात त्याच्या हातात सर्वेक्षणाचा कागद येतो: ‘तुम्हाला तंबाखूचे व्यसन आहे का?’ तो बिनदिक्कत ‘नाही’वर खूण करतो.

तो खोटं बोललेला नाही. त्याच्या हिशेबी खर्रा म्हणजे सुपारीचा प्रकार, आणि व्यसन ही म्हाताऱ्या मामाला लागलेली गोष्ट. चूक प्रश्नाची आहे. एका वाक्यात त्याने दोन पळवाटा ठेवल्या. शिवाय कागदाच्या डोक्यावर रोल नंबर मागितला असेल, तर तिसरीही.

विदर्भातल्या एखाद्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं असं सर्वेक्षण करायला घेतात, तेव्हा परदेशी नमुना उतरवून त्याचं भाषांतर करण्याचा मोह होतो. त्या नमुन्यांत सिगारेट पहिल्या पानावर असते आणि ‘इतर’ हा शब्द शेवटी. महाराष्ट्राचं चित्र मात्र उलटं आहे. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के लोक धूम्रपान करणारे निघाले, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. इथे ‘इतर’ हाच मुख्य मजकूर आहे.

म्हणून प्रश्न वस्तूंच्या नावांनी विचारावा लागतो, आणि नावं टपरीवरची हवीत. विदर्भात खर्रा, इतरत्र मावा. चुना लावून मळलेली तंबाखू. दातांना लावायची मिश्री. मिश्रीला ‘तंबाखू’ म्हणणाऱ्या मुली कमीच, कारण घरात ती आजीच्या मंजनाच्या डबीशेजारी असते. गुटख्याची गोष्ट आणखी गमतीची. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, आणि नंतर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा दोन पुड्या एकत्र करून खाण्याची रीत पडली. ‘गुटखा खाता का?’ या प्रश्नाला असा खाणारा प्रामाणिकपणे नाही म्हणतो. त्यामुळे ‘पानमसाल्यात तंबाखूची पुडी मिसळून’ ही ओळ यादीत वेगळी हवी.

वेपच्या बाबतीत अडचण नेमकी नावाचीच आहे. कायद्यात ‘इलेक्ट्रॉनिक सिगारेट’ म्हटलंय. मुलं वेप किंवा पॉड म्हणतात, आणि पुष्कळांच्या मते ती सिगारेट नसून नुसता फ्लेवर असतो. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीलाही २०१९ साली ई-सिगारेटच्या उदाहरणांत ‘जूल’ हे ब्रँडचं नाव घालावं लागलं. इथल्या कागदावर वर्णनच द्यावं: ‘चार्ज करायचं किंवा वापरून फेकायचं, पेनसारखं किंवा पेनड्राइव्हसारखं उपकरण, ज्यातून वाफ ओढतात.’ त्यात निकोटिन होतं का, हा प्रश्न स्वतंत्र ठेवावा आणि ‘माहीत नाही’ हा पर्याय द्यावाच. ते उत्तर गाळण्यासारखं नसतं, ती माहितीच आहे.

‘वेप कुठून घेतलं?’ हे मात्र सुरुवातीला विचारू नये. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात बंद केली. वापरणाऱ्यासाठी त्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. पण वर्गातल्या मुलाला हा फरक कुठला माहीत असणार? तो बिचकतो आणि मागच्या प्रश्नाचं उत्तरही खोडतो.

आता काळ. ‘तुम्ही नेहमी खाता का?’ यातलं ‘नेहमी’ प्रत्येकाचं वेगळं. रोज एक पुडी खाणारा स्वतःला ‘कधीमधी’ म्हणवतो, आणि गणपतीत एकदा ओढून बघितलेला मुलगा अपराधी वाटून ‘हो’ म्हणतो. म्हणून आधी ‘आयुष्यात एकदा तरी’ आणि मग ‘गेल्या ३० दिवसांत किती दिवस’ असे दोन प्रश्न करतात. दुसऱ्याचे पर्याय शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय तंबाखू पाहणीत असतात तसे ठेवता येतात: एकही नाही, १-२, ३-५, ६-९, १०-१९, २०-२९, तिसही दिवस. फक्त परीक्षेच्या किंवा सणाच्या महिन्यात कागद वाटला, तर ते ३० दिवस वर्षाचे प्रतिनिधी नसतात.

त्याच पाहणीची आणखी एक युक्ती उचलण्याजोगी आहे. ‘नाही असल्यास प्रश्न १४ वर जा’ ही सूचना कागदावर निरुपद्रवी दिसते. पण एका बाकावर तिघं बसलेले असताना दोघांनी भराभर पानं उलटली आणि तिसरा लिहीतच राहिला, तर आणखी काय सांगायचं उरलं? म्हणून कुणालाच उडी मारायला लावायची नाही. प्रत्येक प्रश्नात ‘मी हे कधीच वापरलेलं नाही’ असा पर्याय ठेवायचा, म्हणजे सगळ्यांचा कागद सारखाच वेळ घेतो. गूगल फॉर्म वापरला तर `Collect email addresses` बंद हवं, नाहीतर नाव न विचारण्याला अर्थ उरत नाही. विभाग, वर्ष, लिंग आणि गाव असे चारही तपशील मागितले, तर भूगोलाच्या तिसऱ्या वर्षातली एका गावची एकुलती एक मुलगी नावाशिवायही ओळखता येते. गाव वगळावं.

राहिले थट्टेखोर. मागच्या बाकावर सगळ्या चौकटींवर खुणा करणारे दोन-चार असतातच. युरोपातल्या शाळकरी मुलांच्या अमली पदार्थांच्या पाहणीत यासाठी ‘रेलेविन’ नावाचा, अस्तित्वातच नसलेला पदार्थ यादीत घातला होता. आपल्या यादीत ‘दमोरा’ असं काहीतरी घालता येईल. आधी दोन-तीन टपऱ्यांवर विचारून खात्री मात्र करावी, नाहीतर कुठेतरी त्या नावाची पुडी निघायची.

या एका ओळीने किती फरक पडतो ते बघण्यासारखं आहे. समजा, ३०० कागद जमले. खर्रा ६० जणांनी खाल्लेला, म्हणजे २० टक्के. वेप १२ जणांनी ओढलेलं, म्हणजे ४ टक्के. सहा जणांनी ‘दमोरा’वरही खूण केलेली, आणि त्या सहांनी खर्रा व वेपही टिपलेलं. हे सहा कागद बाजूला काढले, तर २९४ पैकी खर्रा खाणारे ५४, म्हणजे १८ टक्क्यांच्या थोडं वर, जवळपास तेच. वेपवाले राहतात सहा, म्हणजे २ टक्के. आकडा निम्मा झाला. वस्तू जितकी दुर्मीळ, तितकी थोड्याशा थट्टेने तिची संख्या फुगते, आणि वर्तमानपत्रात छापून येण्याजोगी बातमी नेमकी त्याच आकड्याची होते.

कागद छापण्याआधी तो सात-आठ जणांकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि दर प्रश्नाला ‘यातून तुला काय समजलं?’ एवढंच विचारावं. खर्रा खाणारे दोघे-तिघे त्यात हवेतच. ‘धूरविरहित’ वाचताना ते अडखळतात, ‘सेवन’ म्हणजे जेवण का असं विचारतात, आणि ‘पुडी’ म्हणजे छोटी की मोठी हा वाद घालतात. शेवटचा वाद वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. घोटलेला एक खर्रा दोघांत वाटला जातो, कधी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरवला जातो. ‘रोज किती खर्रे?’ याचं उत्तर ‘अर्धा’ असू शकतं, आणि कागदावर अर्ध्याला चौकट नसते. त्यापेक्षा ‘दिवसातून किती वेळा तोंडात टाकता?’ हे विचारलं, तर मुलगा बोटांवर मोजायला लागतो.

आणि कागद कोणत्या तासाला वाटायचा? सकाळी साडेसातच्या तासाला नव्हे. ज्यांना मोजायचं, त्यांतले बरेचसे त्या वेळी टपरीवर असतात.