फोम आधी, रोल नंतर

ऑगस्ट २०२५ मध्ये कोडॅक बुडणार अशी बातमी फिरली आणि ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीनं ‘कोडाकलर १००’ आणि ‘कोडाकलर २००’ हे ३५ मिलिमीटरचे रोल बाजारात आणले. दोन्ही बातम्या एव्हाना सगळ्यांनी वाचल्या आहेत. त्यानंतर अनेकांनी माळ्यावरचा कॅमेरा खाली काढला आणि सरळ रोल मागवला. माझी हरकत इथंच आहे. रोल ही शेवटची खरेदी असायला हवी. आधी दहा-वीस रुपयांची बटणबॅटरी आणि काळ्या लोकरीचा हातभर धागा आणावा.

उदाहरणाला पेंटॅक्स के१००० घेऊ. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हा कॅमेरा बनत होता आणि जुन्या स्टुडिओवाल्यांपैकी अनेकांनी तो वापरला. मी माझा घेतला तो शहरातल्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून, ५० मिलिमीटर एफ/२ भिंगासह. शिकणाऱ्यानं हाच किंवा असाच पूर्ण यांत्रिक कॅमेरा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. याची बॅटरी फक्त प्रकाशमापकाची सुई हलवते, शटर चालतं स्प्रिंगवर. इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याचं सर्किट मेलं की तो शोकेसमध्ये जातो, हा मात्र दुरुस्त होतो.

पाठीमागचं झाकण उघडलं की वर आणि खाली दोन बारीक खाचा दिसतात आणि बिजागरीजवळ एक रुंद पट्टी. तिथं कारखान्यात बसवलेला काळा फोम असतो. बाहेरचा उजेड आत येऊ न देणं हे त्याचं काम. पॉलियुरेथेनचा हा फोम हवेतल्या दमटपणानं वर्षानुवर्षं विघटित होत जातो, कॅमेरा वापरात असो वा कपाटात. टूथपिकनं टोचून पाहा. तो परत उसळून आला तर नशीब. चिकट डांबरासारखा टूथपिकला लागला किंवा त्याचा चुरा झाला, तर तो बदलल्याशिवाय रोल घालू नका. विकणारा “एकदम चालू कंडिशन” म्हणतो, तेव्हा त्यानं बहुधा फक्त शटरचा आवाज ऐकलेला असतो.

हे काम घरी होतं, पण एका संध्याकाळची सवड काढावी लागते. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कानकाडी त्यात बुडवून पिळून घ्या आणि खाचेतला काळा चिखल थोडा थोडा काढत राहा. मध्ये जो काळा कापडी पडदा दिसतो ते शटर. त्याच्यावर अल्कोहोलचा थेंब पडता कामा नये आणि बोटही लागता कामा नये. म्हणून कॅमेरा उलटा धरून, घाण खाली पडेल अशा बेतानं काम करा. खाचा कोरड्या झाल्या की त्यात काळी विणकामाची लोकर टूथपिकनं दाबून बसवा. खाचेत ती गोंदाशिवायही धरून राहते. बिजागरीच्या बाजूला काळ्या फेल्टची पट्टी चिकटवा. झाकण लावताना थोडा दाब जाणवला पाहिजे, पण जोर लावावा लागत असेल तर लोकर जाड झाली.

भिंग काढल्यावर आरशाच्या वर आणखी एक फोमची पट्टी दिसते. आरसा उसळून तिच्यावर आपटतो. तीही चिकट झाली असेल तर बदलावी लागते, पण तिच्याशेजारी फोकसिंग स्क्रीन आहे आणि आरशाचा चकचकीत थर काचेच्या पुढच्याच बाजूला असतो. दोन्हीवर सहज ओरखडे उठतात. तेवढं काम दुरुस्ती करणाऱ्यांकडून करून घ्या.

आता शटर. झाकण उघडं, रोल नाही, भिंग काढलेलं, समोर पांढरी भिंत. फोनवर सेकंदाला २४० फ्रेम्सचं स्लो-मोशन लावून मागून चित्रीकरण करा. एक सेकंदाचं शटर सुमारे २४० फ्रेम्स उघडं दिसलं पाहिजे, १/३० चं सुमारे आठ. एक सेकंदाला ३००-३५० फ्रेम्स आल्या तर आतलं तेल सुकलंय. यामुळे रोल वाया जात नाही, कारण दिवसा तुम्ही १/१२५ च्या खाली येणारच नाही. खरी भीती १/१००० ची. तिथं दोन पडदे एका बारीक फटीनं धावतात. मागचा पडदा पुढच्याला गाठू लागला की चौकटीची एक बाजू काळी येते. फोनला हे नीट मोजता येत नाही, ते पहिला रोलच सांगतो.

म्हणून पहिला रोल परीक्षेचा. तो ताजा आणि २०० स्पीडचा रंगीत असावा, कोडॅक गोल्ड २०० किंवा तो नवा कोडाकलर २००. कारण आपलं ऊन. स्वच्छ उन्हात २०० ला १/२५० आणि एफ/१६ बसतं, म्हणजे १/१००० ला एफ/८. चारशेचा रोल घातला तर याच कॅमेऱ्यावर एफ/११ च्या पुढे भिंग उघडताच येत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांसाठी चारशे हवा म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की तिथं फ्लॅश लावता येत नाही आणि आतल्या अंधारात हातात धरलेल्या कॅमेऱ्याला चारशेही पुरत नाही.

सिनेमाच्या रिळातून कापून भरलेले स्वस्त रोल पहिल्या खेपेला नको. जुन्या सिनेफिल्मच्या पाठीला कार्बनचा काळा थर असतो. तो लॅबच्या नेहमीच्या रसायनात सुटला की इतरांचे रोलही खराब होतात, म्हणून लॅबवाले असे रोल परत करतात. काळा-पांढरा घरी धुता येतो, पण त्यासाठी २० अंशांचं पाणी धरलेलं असतं. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतून ते मिळणार नाही. दिवाळीनंतर करा.

मी पहिला रोल बीबी का मकबऱ्यावर घेऊन गेलो. रोल भरल्यावर डावीकडची गुंडाळायची खुंटी हलकेच ताणून घेतली आणि लिव्हर ओढताना ती फिरते का, ते पाहिलं. ती फिरली नाही तर रोल अडकलेलाच नाही आणि छत्तीस फोटो हवेत. मग एकाच कमानीचे तीन फोटो घेतले: १/२५० ला एफ/१६, १/५०० ला एफ/११, १/१००० ला एफ/८. तिन्ही सारखे यायला हवेत. पुढे पांढऱ्या घुमटानं चौकट भरली, तेव्हा सुई १/५०० आणि एफ/१६ सांगू लागली. प्रकाशमापक समोरचं सगळं करडं धरतो, त्यामुळे पांढऱ्यालाही तो करडं करू पाहतो. मी एक स्टॉप जास्त दिला, १/२५०. वेरूळच्या काळ्या कातळापुढे हेच उलट होतं, पण रंगीत निगेटिव्हला जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. तिथं सुईचं ऐकलं तरी चालतं.

रोल धुऊन आला तेव्हा पहिले दोन फोटो जुळे होते आणि तिसऱ्याची एक कड गडद. माझं १/१००० निकामी आहे. तेव्हापासून मी १/५०० वर थांबतो आणि कॅमेरा बिनतक्रार चालतो.

तुमचा रोल कोरा आला तर लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नका. निगेटिव्हच्या कडेला कंपनीचं नाव आणि आकडे उमटलेत का, ते पाहा. ते आहेत आणि फोटो नाहीत, तर धुलाई ठीक आहे. म्हणजे रोल पुढे सरकला नाही किंवा शटर उघडलं नाही. कडेचे आकडेही नसतील तर चूक बहुतेक धुलाईची. बऱ्याच फोटोंवर एकाच बाजूनं केशरी पट्टा आला असेल, तर पुन्हा फोमकडे वळा. कडेचे आकडे स्कॅनमध्ये दिसत नाहीत, कारण स्कॅनमध्ये कडा कापलेल्या असतात. म्हणून पुण्या-मुंबईच्या लॅबला कुरिअर करताना पाकिटात चिठ्ठी घाला: स्कॅन पाठवा, पण निगेटिव्हही परत पाठवा.