चाकांच्या खुर्चीतील पाहुण्याशी बोलताना

दोन वर्षांमागे दहावीचा निकाल लागल्यावर एका विद्यार्थिनीचे वडील आपल्या धाकट्या बंधूंसह आमच्याकडे आले. ते चाकांच्या खुर्चीत बसलेले होते. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे आपल्या व शेजारच्या लातूर जिल्ह्यात जो भूकंप झाला, त्यात सास्तूर भागातील दगडमातीची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. त्या वेळी बारा वर्षांच्या असलेल्या या गृहस्थांच्या पाठीच्या कण्यास इजा झाली व त्यांचे पाय कायमचे गेले.

आम्ही उभ्यानेच बंधूंस विचारले, “यांना पाणी हवे का? मुलीला सोलापुरास शिकावयास पाठविण्याचा यांचा विचार आहे का?” बंधू म्हणाले, “नाही, इथंच जवळ शिकेल ती.” आम्ही तसे टिपून घेत होतो, तोच खुर्चीतून शब्द आले, “सर, मुलगी माझी आहे. वसतिगृहाचे पैसे मी बाजूला काढून ठेवलेत. मला विचारा ना.”

आमची मान खाली गेली. अशी चूक आमच्याच हातून होते असे नव्हे. इंग्लंडात बी.बी.सी.ने अपंग श्रोत्यांसाठी १९७७ पासून १९९८ पर्यंत एक कार्यक्रम चालविला. त्याचे नावच मुळी ‘हे साखर घेतात का?’ अशा अर्थाचे होते. चहा पिणारा समोर असता प्रश्न मात्र सोबत्यास, ही तऱ्हा तिकडेही इतकी ओळखीची होती.

ही चूक ओळखण्याची खूण आपल्या भाषेतच आहे. समोरच्या मनुष्याविषयी ‘हे’, ‘यांना’ असे शब्द तोंडी आले, की आपण त्याच्याशी न बोलता त्याच्याविषयी बोलू लागलो, असे समजावे. ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ हा शब्द आला, की दृष्टीही आपोआप त्याच्याकडे वळते. सोबती मध्येच उत्तर देऊ लागला, तर त्याचे ऐकून घ्यावे. परंतु पुढचा प्रश्न पुन्हा खुर्चीतील मनुष्यासच विचारावा. त्याचे बोलणे अस्पष्ट असेल तर थांबावे, आणि न समजल्यास “पुन्हा सांगता का?” असे विचारावे. समजल्याचे सोंग करू नये. सोबत्याने उलगडून सांगावे अशी त्याची स्वतःची इच्छा असेल, तरीही आपली दृष्टी त्याच्यावरच असावी.

आता उंचीविषयी. खुर्चीत बसलेल्या प्रौढ मनुष्याचे डोळे जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतात, तर उभ्या मनुष्याचे पाच फुटांहून वर. आपण अगदी दोन फुटांवर उभे राहिलो, तर त्यास मान बरीच मागे टाकावी लागते. आणि मानेस किंवा पाठीस इजा झालेल्यास ते फार वेळ सोसत नाही. म्हणून केवळ नमस्कार करून पुढे जावयाचे असेल, तर चार-पाच फुटांवर समोर उभे राहावे, म्हणजे मान थोडीच उचलावी लागते. बोलणे लांबणार असेल, तर स्टूल ओढून समोर बसावे. गुडघ्यांवर हात टेकून, लहान मुलाशी बोलावे तसे वाकू नये. डोळे समोरासमोर आले तरी त्यात मान राहत नाही.

मागून हाक मारणेही बरे नव्हे. कारण कमरेतून वळणे पुष्कळांस जमत नाही, त्यांना सारी खुर्चीच फिरवावी लागते. खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून उभे राहू नये, व न विचारता ती ढकलू नये. थोरांच्या पाया पडण्याची आपली रीत आहे. परंतु कणा दुखावलेल्या पुष्कळांस पायांचा स्पर्श कळत नाही. म्हणून प्रथम समोर येऊन दृष्टी मिळवावी, नमस्कार करतो असे सांगावे, आणि मगच वाकावे.

त्या दिवशी आम्ही टिपलेले खोडले, स्टूल घेऊन त्या गृहस्थांसमोर बसलो व विचारले, “आपल्या मनात काय आहे?” ते अर्धा तास बोलले. कोणते विषय, कोणते वसतिगृह, दरमहा किती खर्च, सारे त्यांच्या तोंडपाठ होते. त्यांचे बंधूही ते प्रथमच ऐकत होते. ती मुलगी पुढे सोलापुरास शिकावयास गेली. आमचे पहिले टिपण तसेच राहिले असते, तर आम्ही तिच्या वडिलांना न विचारता तिला गावीच ठेवावयाचा सल्ला दिला असता.