संजय दत्त नेमका कशावर सुटला होता?

2013 ते 2016 या काळात संजय दत्त येरवडा कारागृहातून अनेकदा बाहेर आला आणि पुन्हा आत गेला. प्रत्येक वेळी बातमी जवळपास एकाच साच्यातली असायची: ‘संजूबाबा पुन्हा पॅरोलवर’. प्रत्यक्षात त्यातल्या काही वेळा तो पॅरोलवर नव्हता, फर्लोवर होता. त्याआधीची बरीच वर्षे तर तो जामिनावर बाहेर राहून सिनेमे करत होता. पॅरोल, फर्लो आणि जामीन हे तिन्ही प्रकार एकाच माणसाच्या वाट्याला आल्यामुळे त्यांतला फरक समजून घ्यायला हे प्रकरण सोयीचे आहे.

सुरुवात जामिनापासून करू. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या तपासात एप्रिल 1993 मध्ये त्याला अटक झाली. काही काळ जामिनावर बाहेर, मग पुन्हा कोठडी, आणि ऑक्टोबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन, असा तो प्रवास होता. तेव्हा तो कच्चा कैदी होता, म्हणजे खटला चालू होता आणि दोष ठरायचा होता. जामीन देणे न देणे हा न्यायालयाचा अधिकार. आरोपी तारखांना हजर राहील का, साक्षीदारांना धमकावेल का, पुराव्याशी खेळेल का, हे न्यायालय तपासते. 2007 मध्ये टाडा न्यायालयाने शस्त्रास्त्र कायद्याखाली त्याला सहा वर्षांची शिक्षा सुनावली, तरी अपील सर्वोच्च न्यायालयात असल्यामुळे त्याला पुन्हा जामीन मिळाला. शिक्षा झाल्यावर जामीन मिळत नाही असा समज आहे, तो चूक. अपील चालू असताना शिक्षा स्थगित करून जामीन देता येतो.

मात्र जामिनावर घालवलेला एकही दिवस शिक्षेत धरला जात नाही. कच्चा कैदी म्हणून तुरुंगात काढलेले दिवस तेवढे वजा होतात. 21 मार्च 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पाच वर्षांवर आणली, तेव्हा आधी काढलेले सुमारे अठरा महिने वजा होऊन साडेतीन वर्षे उरली. मे महिन्यात तो शरण आला आणि येरवड्याला रवाना झाला. आता तो पक्का कैदी होता. त्याचे अपील संपले होते, जामिनाचा विषयही संपला होता. यापुढे बाहेर यायचे तर रजेचा अर्ज करायचा, आणि तो न्यायालयाकडे नव्हे, तुरुंगाच्या अधीक्षकांमार्फत प्रशासनाकडे.

महाराष्ट्रात या रजांचे नियम 1959 सालचे आहेत. वेळोवेळी दुरुस्त्या होत ते आजही चालतात. फर्लोला सरकारी भाषेत संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. संचित रजेसाठी कारण द्यावे लागत नाही. ठरावीक काळ शिक्षा भोगली आणि वागणूक नीट ठेवली, की कैदी तिला पात्र होतो. माणूस वर्षानुवर्षे भिंतीआड राहिला तर घराशी त्याचा धागा तुटतो, तो तुटू नये हा तिचा हेतू. ती मंजूर करतात कारागृह उपमहानिरीक्षक. पॅरोलला मात्र कारण लागते: घरातले गंभीर आजारपण, मृत्यू, मुलामुलीचे लग्न. त्याचा निर्णय साधारणपणे विभागीय आयुक्त घेतात. जवळच्या नातलगाच्या मृत्यूसारख्या प्रसंगी थोड्या दिवसांचा तातडीचा पॅरोलही असतो, कारण आयुक्तांच्या टेबलापर्यंत फाइल जाईस्तोवर अंत्यविधी थांबत नाही.

ऑक्टोबर 2013 मध्ये संजय दत्तला चौदा दिवसांची संचित रजा मिळाली आणि प्रकृतीच्या कारणाने ती आणखी चौदा दिवसांनी वाढली. डिसेंबरात पत्नीच्या आजारपणासाठी तीस दिवसांचा पॅरोल मिळाला. तो पुढे दोनदा तीस-तीस दिवसांनी वाढला आणि मार्च 2014 उजाडला. त्यावरून मोठा गदारोळ झाला. डिसेंबर 2014 मध्ये पुन्हा चौदा दिवसांची संचित रजा, आणि ऑगस्ट 2015 मध्ये मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी तीस दिवसांचा पॅरोल.

बाहेरून पाहिले तर या सगळ्या सुट्ट्या सारख्याच दिसतात. खरा फरक हिशेबात असतो. संचित रजेत कैदी घरी असला तरी, तो वेळेवर परतला तर, त्याची शिक्षा भोगणे चालूच असते. पॅरोलचे दिवस मात्र शिक्षेतून कमी होत नाहीत, तितकी शिक्षा पुढे ढकलली जाते. म्हणजे तीस दिवस पॅरोलवर घालवले तर नियमाने ते तीस दिवस नंतर भरून द्यायचे. गोव्यातल्या काही जन्मठेपेच्या कैद्यांनी हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. मुदतपूर्व सुटकेसाठी चौदा वर्षे मोजताना पॅरोलचे दिवसही धरा, अशी त्यांची मागणी होती. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयाने ती नाकारली. तसे केले तर वजनदार कैदी पुन्हा पुन्हा पॅरोल मिळवून शिक्षेला अर्थच ठेवणार नाहीत, असे त्यामागचे कारण होते. शंका अगदी रास्त होती, बातम्या वाचणाऱ्या कोणालाही ती आलेली असते.

वजन नसलेल्या कैद्याची अडचण वेगळी असते. त्याचा अर्ज निघाला, की त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याला पत्र जाते. हवालदार घरी जातो, जबाबदारी घेणाऱ्या नातलगाचा जबाब घेतो, शेजाऱ्यांना विचारतो, कधी तक्रारदाराकडेही चौकशी करतो. तिथून आलेल्या अहवालात ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होऊ शकतो’ एवढे एक वाक्य असले, तरी अर्ज फेटाळला जातो. मग कैदी उच्च न्यायालयात जातो. नुसत्या मोघम अहवालावर न्यायालय टिकून राहत नाही, पण तोवर लग्न होऊन गेलेले असते. मंजुरी मिळाली तरी जातमुचलका, हमीदार, ठरलेल्या पोलीस ठाण्यात हजेरी आणि परतीची तारीख या अटी असतातच. फर्लो हा कैद्याचा हक्क नव्हे, असे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले आहे.

नियम सगळीकडे सारखेही नाहीत, कारण तुरुंग हा राज्यांचा विषय. हरियाणात 2022 च्या कायद्याने वर्षात दहा आठवड्यांपर्यंत पॅरोल आणि तीन आठवडे फर्लो मिळू शकतो. डेरा सच्चा सौदाचा प्रमुख राम रहीम वारंवार बाहेर आल्याच्या बातम्या वाचताना हे लक्षात ठेवावे. महाराष्ट्रातला नियम त्याला लावून हिशेब करणे फुकट.

आणखी एक घोळ: खटला चालू असलेल्या आरोपीबद्दल ‘पॅरोलवर सुटला’ असे छापून येते. त्याला बहुतेकदा अंतरिम जामीन मिळालेला असतो, जसा मे 2024 मध्ये अरविंद केजरीवाल यांना लोकसभा निवडणुकीच्या काळात मिळाला. ‘कस्टडी पॅरोल’ हा प्रकार मात्र खटला चालू असलेल्यांनाही मिळतो. त्यात पोलीस बरोबर असतात. माणूस आईच्या अंत्यविधीला किंवा संसदेत शपथेला जातो आणि पहाऱ्यातच परत येतो. ती कोणतीही सुटका नव्हे.

बाहेर आलेला कैदी परतलाच नाही तर तो फरार. गुन्हा नवा दाखल होतो, आधी मिळवलेली माफी, म्हणजे चांगल्या वर्तनामुळे कमी झालेले दिवस, कापली जाऊ शकते आणि पुढच्या रजेचा दरवाजा बराच काळ बंद होतो. करोनाच्या काळात तातडीच्या पॅरोलवर सोडलेल्या काही कैद्यांबाबत हेच घडले. संजय दत्तच्या डिसेंबर 2014 च्या रजेतही परतीला दोन दिवस उशीर झाला होता. मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित होता, मग त्या दोन दिवसांचे काय करायचे, यावर गृहखात्याला उत्तर द्यावे लागले.

25 फेब्रुवारी 2016 रोजी तो शेवटचा बाहेर आला तो या तिन्हींपैकी कशावरच नाही. त्याच्या नावावर जमा झालेल्या माफीमुळे आठ महिन्यांहून अधिक काळ आधी सुटला. त्यावरही जनहित याचिका झाली, आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारची कागदपत्रे पाहून ती निकाली काढली.