नावापुढची अक्षरे आणि हातातले सर्टिफिकेट

रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटी खात्यात काम करणारा आपल्या वस्तीतला एक मुलगा मागच्या रविवारी आमच्याकडे आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, नोकरीला चार वर्षे. चहा घेता घेता म्हणाला, "काका, साहेबांच्या कार्डावर नावापुढे एफ.आय.ई. आहे. मीपण त्या संस्थेचा सभासद होऊ का? की तेच पैसे अल्ट्रासोनिक टेस्टिंगच्या लेव्हल टूच्या कोर्सला घालू?"

पैसे घरखर्चातून बाजूला काढलेले होते. म्हणून आम्ही त्याच्याबरोबर बसून नीट हिशेब मांडला. तो तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

साहेबांची संस्था म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया). स्थापना १९२० ची, १९३५ साली तिला राजसनद मिळाली. मुख्य कचेरी कोलकात्याला, पुण्याची शाखा शिवाजीनगरला. इंजिनिअर सभासदांच्या तीन पायऱ्या आहेत: असोसिएट मेंबर म्हणजे ए.एम.आय.ई., मेंबर म्हणजे एम.आय.ई. आणि सर्वांत वर फेलो म्हणजे एफ.आय.ई. डिप्लोमावाल्यांचा प्रवेश याच्या खाली, टेक्निशियनच्या वर्गात होतो.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. पूर्वी कितीतरी कामगार पाळ्या सांभाळून या संस्थेच्या सेक्शन ए आणि सेक्शन बी या परीक्षा देत. दोन्ही पास झाले की सरकारी नोकरीत ते इंजिनिअरिंगच्या पदवीसमान धरले जाई. "ए.एम.आय.ई. कर, इंजिनिअर होशील," असे वडीलधारे सांगत ते यामुळेच. पण केंद्र सरकारने ही मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच ठेवली. आज नाव घालणाऱ्याला तो लाभ नाही. पदवीच हवी असेल तर ए.आय.सी.टी.ई.ने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी वेगळे वर्ग मंजूर केले आहेत, त्याची चौकशी जवळच्या कॉलेजात करावी.

आता सर्टिफिकेटचे पाहू. सभासदत्व सांगते की हा माणूस या व्यवसायातला आहे. सर्टिफिकेट सांगते की हे एक काम त्याला येते, त्याची परीक्षा झाली आहे. धातूच्या आत चीर आहे का हे ध्वनिलहरींनी तपासणारा माणूस निवडताना कंपनी दुसरी गोष्ट विचारते. नावापुढची अक्षरे तिथे कामाची नाहीत.

पण इथेही एक मेख आहे. अमेरिकेच्या ज्या एस.एन.टी.-टी.सी.-१ए नियमावलीवर ही लेव्हल वन, लेव्हल टू चालते, तीत सर्टिफिकेट देणारा मालक असतो. कोर्सवाला शिकवतो, परीक्षा घेतो, पण त्या कामाला लावायचे अधिकृतपण कंपनीच देते. नोकरी सुटली की ते संपते आणि नवी कंपनी पुन्हा तपासून देते. डोळ्यांची तपासणीही दरवर्षी लागते. म्हणून आम्ही मुलाला बजावले: ट्रेनिंगचे तास, परीक्षेचे गुण आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांच्या सहीशिक्क्याच्या प्रती आजपासून घरी ठेव. नोकरी सोडताना त्या मागायला गेले की मिळतीलच असे नाही.

मग साहेबांच्या फेलोपदाला किंमत नाही का? आहे, पण तिची जागा वेगळी. परदेशातून जुने मशीन आणायचे असेल तर कस्टम्सला चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला लागतो. तो चार्टर्ड इंजिनिअरचा हक्क ठरावीक अनुभवानंतर असोसिएट मेंबरलाही मिळतो, त्यासाठी फेलो असावे लागत नाही. फेलोपद अनेक वर्षे जबाबदारीच्या जागेवर काम केल्यावर, कागद तपासून मिळते. माणूस नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार झाला, लवाद म्हणून किंवा कोर्टात तज्ज्ञ म्हणून उभा राहिला, तर समोरचा त्याला ओळखत नसतो. तिथे ती तीन अक्षरे वजन टाकतात. कंपनीतल्या बढतीत मात्र साहेबाला काम माहीतच असते, तिथे त्यांनी फार फरक पडत नाही.

शिवाय फक्त फी घेऊन "फेलो" करणाऱ्या संस्थाही असतात. ओळखायची खूण सोपी आहे. विचारावे: तुम्ही कुणाचा अर्ज नाकारता का? गैरवर्तन केले तर नाव काढता का? आणि कोणत्या कचेरीत हे पद मागतात? तिन्हींना धड उत्तर नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.

मुलाने शेवटी विचारले, "मग मी काय करू?" आम्ही म्हटले, आधी तुझ्या कंपनीत अल्ट्रासोनिकचे काम तुला देणार आहेत का ते साहेबांना विचार. देणार असतील तरच कोर्स कर, कारण हातात यंत्र न घेता ते सर्टिफिकेट पुढे सरकत नाही. फेलोपदाचा विचार पंधरा-वीस वर्षांनी कर.

सोमवारी पहिल्या पाळीला तो विचारणार होता.