‘M045118 ते M045136’ म्हणजे नेमके किती विद्यार्थी? बैठक क्रमांकांची यादी उलगडताना गफलत कुठे होते?

बारावीच्या परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाजवळ एक फलक लागतो. कोणत्या खोलीत कोणी बसायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. पण त्यावर प्रत्येकाचा क्रमांक नसतो, असतो फक्त पहिला आणि शेवटचा. मधले सगळे ‘ते’ या एका शब्दात किंवा एका आडव्या रेघेत सामावलेले असतात. विद्यार्थ्याला एवढं पुरतं. आपला क्रमांक या दोन आकड्यांच्या मध्ये आहे, हे कळलं की तो खोली शोधायला निघतो.

शाळेच्या कार्यालयाला मात्र ते पुरत नाही. प्रत्येक बाकावर चिकटवायला एकेक चिठ्ठी लागते आणि पर्यवेक्षकाच्या हातात एकेका क्रमांकाची यादी द्यावी लागते. म्हणजे फलकासाठी दाबून लहान केलेली ओळ पुन्हा सुटी करावी लागते. हे काम दोन मिनिटांचं दिसतं आणि बहुतेक वेळा तेवढ्यात होतंही. चुकलं, तर एखादा विद्यार्थी आपला बाक शोधत खोलीभर फिरतो. किंवा जो क्रमांक त्या खोलीत नव्हताच, त्याच्यापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडतो.

एक ओळ, पंचवीस बाक

राज्य मंडळाचा बैठक क्रमांक म्हणजे एक इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे सहा अंक. एका खोलीत साधारण २५ विद्यार्थी बसवले जातात. समजा, जीवशास्त्राच्या पेपरला एका खोलीसाठी ही ओळ आली आहे (क्रमांक काल्पनिक आहेत):

```
M045118-M045136, M045141-45, M045149
```

यात तीन तुकडे आहेत. पहिला पूर्ण लिहिलेला आहे, दुसऱ्यात शेवटचा क्रमांक आखडून फक्त ‘45’ असा लिहिला आहे आणि तिसरा एकटाच आहे.

आधी मोजणी. पहिल्या तुकड्यात किती जण? १३६ मधून ११८ वजा केले की १८ येतात आणि घाईत हाच आकडा लिहिला जातो. पण ११८ हा क्रमांकही खोलीत बसणार आहे. वजाबाकी दोन क्रमांकांमधलं अंतर सांगते, माणसं सांगत नाही. कुंपणाला १८ गाळे असतील, तर खांब १९ लागतात, तसंच हे. त्यामुळे प्रत्येक तुकड्याला ‘शेवट वजा सुरुवात अधिक एक’ हाच हिशोब लावायचा. पहिल्यात १९, दुसऱ्यात १४१ ते १४५ असे ५ आणि तिसऱ्यात १. एकूण २५, खोली बरोबर भरली. नुसती वजाबाकी करून १८, ४ आणि १ धरले असते, तर २३ आले असते आणि दोन चिठ्ठ्या कमी पडल्या असत्या.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे आणि ती जास्त महागात पडते. ओळीची दोन टोकं पाहून कोणी सरळ ११८ पासून १४९ पर्यंत यादी ओढली, तर क्रमांक होतात ३२. सात जास्तीचे येतात: १३७ ते १४० हे चार आणि १४६ ते १४८ हे तीन. हे विद्यार्थी कुठे गेले? कुठेच नाही. त्यांनी जीवशास्त्र घेतलेलंच नाही, त्यामुळे आज त्यांचा पेपर नाही. ओळीतल्या फटी म्हणजे छपाईची चूक नव्हे, तीही माहितीच आहे. ‘गैरहजर’चा खोटा शेरा जन्माला येतो तो बहुधा इथेच, कारण यादीत क्रमांक आहे आणि बाकावर कोणी नाही, असं पाहिल्यावर पर्यवेक्षक दुसरं काय लिहिणार?

आखडलेला शेवट कसा वाचायचा?

‘M045141-45’ यात ‘45’ म्हणजे पंचेचाळीसावा क्रमांक नाही. जे अंक लिहिलेले नाहीत, ते सुरुवातीच्या क्रमांकातून उसने घ्यायचे असतात. शेवटी दोनच अंक दिले आहेत, म्हणून M045141 चे शेवटचे दोन अंक काढून तिथे 45 बसवायचं. उत्तर M045145. माणूस हे न सांगता करतो. संगणकाला सांगावं लागतं, नाहीतर तो १४१ पासून ४५ पर्यंत मोजायला जातो आणि एकतर रिकामी यादी देतो किंवा चूक दाखवतो.

खरी अडचण ‘M045198-03’ अशा ओळीत आहे. उसने अंक घेतले, तर शेवट येतो M045103, म्हणजे सुरुवातीपेक्षा लहान. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा M045203 असणार, कारण १९८ नंतर शंभरी ओलांडून २०३ येतो. पण एखादा अंक चुकीचा पडला असण्याची किंवा दोन टोकांची अदलाबदल झाली असण्याचीही शक्यता उरते. ओळीकडे कितीही वेळ पाहिलं, तरी याचा निकाल लागत नाही. शेवट सुरुवातीपेक्षा लहान आला की अंदाज न बांधता ओळ पाठवणाऱ्याला विचारायचं, हाच एक मार्ग आहे. फोनला एक मिनिट लागतं.

एक्सेलमध्ये ही यादी कशी निघते?

काम एकाच खोलीचं असेल, तर सूत्राचीही गरज नाही. एका चौकटीत M045118 टाइप करून तिचा उजवा खालचा कोपरा माउसने पकडून खाली ओढला की एक्सेल शेवटचा आकडा एकेकाने वाढवत जातो आणि मधलं शून्यही जपतो. M045136 दिसलं की थांबायचं. मग पुढच्या तुकड्यासाठी M045141 टाइप करून पुन्हा ओढायचं.

खोल्या वीस-पंचवीस असतील, तर सूत्र बरं. प्रत्येक तुकड्याला एक आडवी ओळ द्यायची. A2 मध्ये अक्षर M, B2 मध्ये सुरुवात 45118 आणि C2 मध्ये शेवट 45136. मग D2 मध्ये:

```
=A2 & TEXT(SEQUENCE(C2-B2+1, 1, B2), "000000")
```

यातला +1 म्हणजे वर पाहिलेला कुंपणाचा जादा खांब. SEQUENCE तेवढे आकडे एकाखाली एक मांडतं. TEXT आणि सहा शून्यं यांचं काम हरवलेलं शून्य परत आणण्याचं. B2 मध्ये 045118 लिहिलं, तरी एक्सेल त्याला संख्या समजून पुढचं शून्य टाकून देतो. सूत्रात हा भाग नसेल, तर यादीत M45118 असे पाच अंकी क्रमांक येतात आणि ते ओळखपत्रावरच्या क्रमांकाशी जुळत नाहीत. हे सूत्र एक्सेल २०२१ किंवा ३६५ मध्ये चालतं. गूगल शीट्समध्ये ते ARRAYFORMULA( ) च्या कंसात घालावं लागतं. त्याहून जुन्या एक्सेलमध्ये SEQUENCE नाही, तिथे ओढण्याचीच पद्धत वापरायची.

सूत्राची यादी खालच्या चौकटींमध्ये पसरते, त्यामुळे पुढच्या तुकड्याचं सूत्र लगेच D3 मध्ये लिहून चालत नाही. ते शेजारच्या रिकाम्या स्तंभात लिहायचं आणि शेवटी सगळ्या याद्या एकाखाली एक ‘फक्त मूल्यं’ म्हणून चिकटवायच्या.

ओळ टाइप न करता व्हॉट्सॲपवरून कॉपी केली असेल, तर आणखी एक खोडी निघते. तिथली रेघ कधी साधी हायफन असते, कधी तिच्यापेक्षा थोडी लांब. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, पण संगणकासाठी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. रेघेपाशी तुकडे करायला सांगितलं आणि एखादी ओळ तुटलीच नाही, तर आधी ही रेघ बदलून पाहावी.

यादी बरोबर आहे, हे कशावरून ओळखायचं?

एकूण क्रमांक २५ भरले, एवढ्यावर समाधान मानण्यात धोका आहे. एक क्रमांक सुटला आणि दुसरा दोनदा आला, तरी बेरीज २५ च राहते. म्हणून उलटी चाचणी घ्यायची: सुटी केलेली यादी पुन्हा दाबून पाहायची. समजा, अंतिम यादी नव्या शीटवर D2 ते D26 मध्ये आहे. E3 मध्ये हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढायचं:

```
=RIGHT(D3,6)-RIGHT(D2,6)
```

हे प्रत्येक क्रमांकातून त्याच्या वरचा क्रमांक वजा करतं. सलग क्रमांक असतील तिथे १ येतो. आपल्या यादीत दोनच ठिकाणी वेगळा आकडा दिसायला हवा: १३६ वरून १४१ वर उडी आहे तिथे ५ आणि १४५ वरून १४९ वर उडी आहे तिथे ४. दोन उड्या म्हणजे तीन तुकडे आणि मूळ ओळीतही तीनच होते. कुठे ० दिसला, तर तो क्रमांक दोनदा आला आहे. ऋण आकडा दिसला, तर तुकड्यांचा क्रम उलटा झाला आहे किंवा दोन तुकडे एकमेकांवर चढले आहेत. तिसरीच एखादी उडी दिसली, तर चिकटवताना काहीतरी गळलं आहे.

नाट्यगृहात हाच नियम लावला तर?

लावता येतो, पण खुर्च्यांचा नकाशा समोर ठेवूनच. परीक्षेत ११८ नंतर ११९ च येतो. नाट्यगृहात तसं असेलच असं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या बहुतेक नाट्यगृहांमध्ये मंचासमोरच्या एका बाजूला फक्त विषम क्रमांकांच्या खुर्च्या असतात आणि दुसऱ्या बाजूला फक्त सम. तिथे १ आणि ३ क्रमांकाची तिकिटं मिळालेले दोघे शेजारीशेजारीच बसतात. त्या बाजूला ‘१ ते ७’ असं लिहिलं, तर खुर्च्या सात नसून चार असतात: १, ३, ५ आणि ७. रांगांच्या अक्षरांचंही तेच. I हे अक्षर 1 सारखं आणि O हे शून्यासारखं दिसतं, म्हणून अनेक सभागृहं या रांगा ठेवतच नाहीत. तिथे ‘G ते K’ म्हणजे पाच रांगा धरल्या, तर नसलेल्या I रांगेचीही तिकिटं छापली जातात.

नाटकाच्या तिकिटांची यादी करताना एक्सेल आणखी एक घोळ घालतो. चौकटीत नुसतं 1-5 लिहिलं की तो त्याची तारीख करून टाकतो. अशी चौकट नंतर ‘टेक्स्ट’ केली, तरी 1-5 परत येत नाही, पाच आकडी संख्या दिसते, कारण तारखेमागे एक्सेलने तीच साठवलेली असते. स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ करून मग लिहिलं, तर हा प्रश्न येत नाही.