गुदगुल्या, उंदराचं पिल्लू आणि न ऐकू येणारं खिदळणं

महिना-सव्वा महिन्याच्या पांढऱ्या उंदराला मानेमागे आणि पोटावर गुदगुल्या केल्या, की ते भराभर बारीक चिवचिवाट करतं. गुदगुल्या करणाऱ्याला मात्र त्यातलं काहीच ऐकू येत नाही. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला वीस हजार कंपनांचा आवाज टिपतो. हा चिवचिवाट ५० किलोहर्ट्झच्या आसपासचा असतो. स्वरयंत्रातून हवेचा झोत शिट्टीसारखा निघतो आणि त्यातून तो उमटतो.

१९९०च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात याक पँकसेप आणि त्यांचे सहकारी पिल्लांच्या मस्तीचा अभ्यास करत होते. वटवाघळांचे आवाज माणसाला ऐकू येतील इतक्या खालच्या पट्टीत आणणारं यंत्र त्यांनी पिंजऱ्याशी लावलं, तेव्हा पिल्लं खेळताना हा आवाज सतत करतात असं दिसलं. मग १९९७ साली पँकसेप आणि जेफ्री बर्गडॉर्फ यांनी स्वतःच्या हातालाच खेळगडी केलं. पंधरा सेकंद गुदगुल्या, पंधरा सेकंद विसावा, असा दोनेक मिनिटांचा खेळ. मानेमागे बोटं फिरवायची, पिल्लाला हलकेच उताणं करायचं, पोट गुदगुलवायचं, सोडून द्यायचं. पिल्लं आपसांत नेमकी अशीच कुस्ती खेळतात: मानेमागे नाक खुपसायचं आणि दुसऱ्याला उताणं पाडायचं. खेळताना होत होता त्याहूनही जास्त चिवचिवाट गुदगुल्यांनी झाला.

एवढ्यावरून त्याला ‘हसणं’ म्हणणं घाईचं ठरलं असतं. अंगाला बोट लागलं की पिचकन आवाज निघावा, तसंही हे असू शकलं असतं. पण विसाव्याच्या पंधरा सेकंदांत पिल्लं हाताच्या मागे धावत, आणि अंगाला बोट लागलेलं नसतानाही ओरडत. बरोबरीच्या पिल्लांपासून काही काळ एकटी ठेवलेली पिल्लं गुदगुल्यांसाठी अधिक आसुसलेली असत. उलट लख्ख प्रकाशात, उपाशीपोटी किंवा मांजराच्या वासाने आवाज रोडावे. भ्यालेला उंदीर वेगळ्याच पट्टीत ओरडतो: २२ किलोहर्ट्झच्या आसपास, लांबट आणि सपाट. हा फरक महत्त्वाचा, कारण ओरडतंय एवढ्यावरून पिल्लू मजेत आहे असं ठरवता येत नाही, पट्टी पाहावी लागते. शिवाय सगळीच पिल्लं सारखी नसतात. काहींना गुदगुल्या अजिबात रुचत नाहीत, आणि वयात आलेल्या उंदरांचा उत्साह तर बराच ओसरलेला असतो.

या सगळ्याचा मेंदूतला माग २०१६ साली बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात शिंपेई इशियामा आणि मिखाएल ब्रेश्ट यांनी लावला. धडाला झालेला स्पर्श मेंदूच्या बाह्यावरणातल्या एका ठरावीक भागात नोंदला जातो. तिथल्या पेशींचे विद्युत्संकेत मोजण्यासाठी त्यांनी बारीक तारा बसवल्या. पोटाला गुदगुल्या केल्यावर त्या पेशी जोराने सक्रिय झाल्या, त्यात नवल नाही. नवल पुढे आहे. पिल्लू हाताचा पाठलाग करत असताना, म्हणजे अंगाला कोणी हातही लावत नसताना, याच पेशी तशाच सक्रिय होत होत्या. त्याच भागाला सूक्ष्म विद्युत्प्रवाह दिला, तर गुदगुल्यांवाचूनच चिवचिवाट सुरू झाला. आणि तीच पिल्लं उजेडातल्या उंच चौथऱ्यावर ठेवून गुदगुल्या केल्या, तेव्हा बोटं तीच असूनही चिवचिवाट आणि पेशींचा प्रतिसाद दोन्ही मंदावले. स्पर्श नोंदणारा भाग निव्वळ स्पर्श नोंदत नव्हता. पिल्लाची मनःस्थिती त्याच्या कामात मिसळलेली होती.

खेळाची ऊर्मी मात्र या बाह्यावरणावर विसंबून नसते. जन्मानंतर लगेच ते काढून टाकलेली पिल्लंही मस्ती करतात, हे आधीपासून माहीत होतं. म्हणजे खेळाची मुळं मेंदूच्या खोल, जुन्या भागांत असली पाहिजेत. मेंदूच्या मध्यभागाजवळचा एक करडा पट्टा २०२३ साली बर्लिनमध्येच काही काळ निष्क्रिय करण्यात आला, तेव्हा खेळ आणि चिवचिवाट दोन्ही घटले. असे जुने भाग इतर सस्तन प्राण्यांतही आहेत. म्हणून खेळ ही माणसाच्या बुद्धीची देणगी नसून सस्तन प्राण्यांचा जुना वारसा असावा, असं पँकसेप यांचं म्हणणं होतं. उंदराला विनोद कळतो, असा त्यांचा दावा नव्हता. आतून त्याला काय वाटतं, हे आवाज मोजून थेट कळत नाही, म्हणून अनेक संशोधक ‘हसणं’ हा शब्द टाळून ‘५० किलोहर्ट्झचा आवाज’ एवढंच म्हणतात.

या आवाजाचा पिल्लांना उपयोग काय, हे तपासायला कॅनडात एक सरळ मार्ग काढला गेला. स्वरयंत्राची नस तोडून काही उंदरांना मूक केलं. मूक पिल्लांच्या जोड्या कमी खेळल्या. अनोळखी प्रौढ नरांमध्ये तर एक जण मूक असला, की खेळाचं रूपांतर खऱ्या मारामारीत होण्याची शक्यता वाढली. कुस्ती आणि भांडण यांत अंगाची पकड बरीचशी सारखीच असते. हे खेळणंच आहे, चावणं नाही, असं समोरच्याला सांगण्याचं काम बहुधा हा चिवचिवाट करत असावा.