महाबळेश्वर : तिसरी संध्याकाळ

डिसेंबरातली थंडी आता अंगाला जाणवू लागली आहे. उद्या सकाळी खाली उतरायचं, म्हणून आमच्या वेळापत्रकाचा हिशोब आजच लिहून ठेवते. मला सांगायचं आहे ते एकच : इथले पॉइंट अंतरानुसार नाही, उजेडानुसार आखायला हवेत.

महाबळेश्वर म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं पठार. त्याची पूर्वेकडची कड कृष्णेच्या खोऱ्यावर आहे आणि पश्चिमेकडची कोकणावर. सूर्य पाठीशी असेल तर समोरचे डोंगर, शेतं, पाणी सगळं रंगासकट दिसतं. तो समोर असेल तर दरीतलं धुरकट चमकू लागतं आणि पलीकडचे डोंगर नुसते करडे पडदे होऊन बसतात.

वेळापत्रकात काल सकाळी केट्स पॉइंट होता आणि दुपारी आर्थर सीट. नेमकं उलट! केट्स पॉइंट पूर्वेकडे बघतो. साडेनऊला तिथे उभे राहिलो, तर धोम धरणाच्या जागी डोळे दिपवणारा पांढरा पट्टा. दुपारी आर्थर सीटला पोचलो तेव्हा सूर्य पश्चिमेला कलला होता. सावित्रीच्या खोऱ्याची खोली पायांना कळत होती, डोळ्यांना नाही. आर्थर सीट गावापासून बारा-तेरा किलोमीटरवर, वाटेत क्षेत्र महाबळेश्वर. म्हणून ते अर्ध्या दिवसाचं काम समजून दुपारी टाकलेलं. तो अर्धा दिवस सकाळचा हवा होता.

आज प्रतापगड सकाळी लवकर ठेवला, हे मात्र अगदी बरोबर. आंबेनळी घाटाने उतरलं की गड महाबळेश्वरपेक्षा बराच खाली, त्यामुळे ऊन जास्त लागतं. पायऱ्या चढून भवानीमातेचं दर्शन घेतलं, बालेकिल्ला पाहिला, तोवर दगड तापले नव्हते. गडावरून महाबळेश्वरचे कडे पाहायला दुपारनंतरचा उजेड चांगला, पण मुलं आणि आई बरोबर असताना मी सकाळच निवडेन.

लवकर परतलो म्हणून चारनंतर पुन्हा केट्स पॉइंटला गेलो. कालचीच जागा, कालचंच धुरकट, पण ऊन आता पाठीमागून येत होतं. धोमचं पाणी निळं, बलकवडीचं वेगळं ओळखू येणारं, मधल्या शेतांचे बांधसुद्धा दिसत होते. आई बराच वेळ कठड्याजवळून हलली नाही.

सूर्यास्त बॉम्बे पॉइंटला ठेवणं योग्यच होतं, तिथे सूर्यच पाहायचा असतो. फक्त गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तो अर्धा बुडाला होता.

तुम्ही येणार असाल, तर हॉटेलवाल्याने दिलेल्या यादीतल्या प्रत्येक पॉइंटपुढे तो पूर्वेचा की पश्चिमेचा एवढं लिहून घ्या. सूर्योदय-सूर्यास्ताचे पॉइंट सोडले, तर पश्चिमेचे सकाळी अकराच्या आत आणि पूर्वेचे चारनंतर पाहा.